चौथ्या गणिताच्या चौकटी

आमच्या रत्नागिरीच्या शाळेत खंडेनवमीला सायक्लोस्टाइलच्या यंत्राला हार घालत. हेडमास्तर त्यापुढे हात जोडून पाच मिनिटं बोलत. गणित हा बुद्धीचा आखाडा आहे, असं ते दरवर्षी सांगत. यंत्र फक्त शाई गाळत असे.

त्याच यंत्रावर मी नववीसाठी घातांकांचं सरावपत्र काढलं होतं. वर नियमांची पट्टी आणि खाली चोवीस गणितं, एका पानात कोंबलेली, कारण कागद वाचवणं हेही आखाड्यातच येत असे. मिरकरवाड्यातली एक मुलगी त्या पानाकडे भिंतीकडे बघावं तशी बघत बसायची. दोनच्या डोक्यावरचा तीन तिला तेवीस दिसे. तो वेगळा आहे म्हणून सांगितलं, की ती दोन त्रिक सहा करी. आठ मोठा की सहा, हे ती बाकाखाली बोटं मोजून ठरवी. मराठीचे निबंध मात्र वर्गात तिचेच वाचले जात. या त्रासाला डिसकॅल्क्युलिया म्हणतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा स्टाफरूममध्ये त्याला ‘ढ’ म्हणत आणि चहा पीत.

तिची आई बंदरावर मासे विकायची. एके दुपारी माशांची रिकामी पाटी दाराशी ठेवून ती वर्गात आली.

“गुरुजी, पोरगी आळशी नाय हो. जाळं शिवते तर एक गाठ चुकत नाय. पण हिचा बापूस म्हणतो, नववी पास झाली तर पुढं शाळा, नायतर मुंबईला मामीकडं. तिला पोरं सांभाळायला माणूस हवंय.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला विचारतंय कोण? तुम्हीच पहिले.”

त्या आठवड्यात मी नवं स्टेन्सिल कापलं. एका पानावर एकच नियम, चारच गणितं, मधे भरपूर मोकळी जागा. पाया मोठा. घातांक वर उजवीकडे, छोट्या घरात. ते घर मी प्रत्येक पानावर लाल पेन्सिलीने रंगवलं. खाली चौकटी. दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात: आधी तीन चौकटी, मग चार, प्रत्येकीत दोनचा आकडा. सगळ्या मोजल्या की सात, म्हणून दोनचा सातवा घात. भागाकाराला वर आणि खाली चौकटी, जोड्या खोडायच्या, वर उरतील तितका घातांक. पहिलं गणित पूर्ण सोडवलेलं, दुसरं अर्धं, तिसऱ्याला फक्त रिकाम्या चौकटी. चौथ्याला काहीच द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. पण स्टेन्सिलवर कोरायची सळई टेकवली आणि हात धजेना. तिथेही चौकटी काढल्या.

ते पान हातात घेऊन हेडमास्तर म्हणाले, “चार गणितांना अख्खा कागद? मास्तर, लग्नपत्रिका छापताय की काय?”

मी हसलो. ती पानं मी कौतुकाने चारचौघांना दाखवत होतो, हे आज कबूल करायला हवं.

आठवड्याभरात दोनच्या डोक्यावरचा तीन तिला तीनच दिसू लागला. एकदा तिने हळूच विचारलं, “सर, परीक्षेत चौकटी असतील?”

“तू काढ की,” मी म्हणालो. वार्षिक परीक्षेच्या आधी एवढंच मी शिकवलं.

बीजगणिताचा पेपर माझ्याकडेच तपासायला आला. पहिलाच प्रश्न घातांकांचा होता. सातचा बारावा घात गुणिले सातचा नववा घात. तिने पट्टीने एकवीस चौकटी आखल्या होत्या, प्रत्येकीत सात, आणि शेवटी दोन बाजूंच्या चौकटी एकत्र मोजून सातचा एकविसावा घात. बरोबर. पुढे पाचचा पंधरावा घात भागिले पाचचा सहावा घात: वर पंधरा, खाली सहा, सहा जोड्या खोडलेल्या, नऊ उरलेले. बरोबर. तिसऱ्याच्या चौकटी आखून झाल्या होत्या, भरायच्या राहिल्या होत्या. प्रत्येक चौकटीखाली पुन्हापुन्हा मोजल्याचे चार-चार ठिपके होते; तिथे घंटा झाली असावी. पुढची पानं कोरी होती.

बारा आणि नऊ मिळवले की झालं, चौकटी आता विसर, हे तिला मी सांगायला हवं होतं. चौथं गणित त्यासाठीच होतं.

पास होण्यापुरते गुण वाढवता येतील का, हे विचारायला मी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी उत्तरपत्रिका उलटीसुलटी पाहिली. “आखणी सुरेख आहे,” ते म्हणाले, “पण आखणीला गुण कुठे असतात?” यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

नापासाचा निकाल लागल्यावर ती पानांची चळत परत द्यायला आली. कडेने सुतळी ओवून नीट बांधलेली.

“सर, तिसऱ्याचं उत्तर काय होतं?”

“तीनचा दहावा घात.”

तिने बोटं मोजली नाहीत. मान हलवली. “मग माझ्या चौकटी बरोबर होत्या,” ती म्हणाली, आणि आई एसटी स्टँडवर मुंबईच्या गाडीपाशी थांबलीय म्हणून निघाली.

जूनमध्ये मी ते स्टेन्सिल पुन्हा कापलं. चौथ्या गणितापुढे जागा मोकळी सोडली. हेडमास्तरांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, “इथे छापायचं राहिलंय का?”

“नाही,” मी म्हणालो. “गेल्या वर्षी मोकळं सोडायचं राहिलं होतं.”