'सत्यप्रेमी' मीच होतो

२००८ साली मी अमिरातीतल्या रास अल खैमामधल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवत होतो. शुक्रवारी सकाळी आम्ही दहा-बारा मराठी माणसं सिरॅमिक कारखान्याजवळच्या कॅफेटेरियात करक, म्हणजे तिथला दुधाचा कडक चहा, घ्यायला जमायचो. तिथं मी सगळ्यांना अठराव्या शतकातल्या लंडनची कॉफीघरं ऐकवत असे. एक पेनी दिली की आत जायचं, कॉफी मिळायची आणि टेबलावरची वर्तमानपत्रंही. व्यापारी, वकील, कारागीर एकाच बाकावर बसत. बायकांना मात्र तिथं बहुधा जागा नसे. एक जण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे वाद घालायचे. टपालानं आलेल्या पत्रांतून छापणाऱ्याला बातम्या मिळत, आणि समुद्रावर वारा उलटा असला की परदेशच्या बातम्या अडकून पडत. वाचक टोपणनावानं पत्रं पाठवत, ती छापली जात आणि पुन्हा त्याच टेबलांवर येत. या फेऱ्यांतून एक नवीन ताकद उभी राहिली. मंत्रीही विचारू लागले, "लोक काय म्हणतात?"

"सर, मग आपणही काढू की पेपर!" कारखान्यातला एक फोरमन म्हणाला.

झेरॉक्स केलेलं आठ पानी मासिक निघालं, संपादक मी. कॅफेटेरियात पत्रांसाठी बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला, कारण लंडनच्या एका कॉफीघरात म्हणे लाकडी सिंहाच्या तोंडात पत्रं टाकत. आमच्या डब्यात पहिल्या महिन्यात दोनच चिठ्ठ्या आल्या, त्यातली एक चहा गोड करण्याबद्दल. तेव्हाचे संपादक स्वतःच वाचक बनून पत्रं लिहीत, हे मला ठाऊक होतं. मीही लिहू लागलो.

मग मंदी आली. कारखान्यातून माणसं कमी होऊ लागली. आमच्यातलाच एक पुणेकर तिथं पर्सोनेल ऑफिसर होता. एका शुक्रवारी तो आला नव्हता, तेव्हा फोरमन म्हणाला, "लिस्ट त्यानंच बनवली असणार. आपल्याच माणसांची नावं आधी!" 'असणार' हा शब्द मी ऐकला होता. तरी त्या महिन्यात 'एक सत्यप्रेमी' या सहीनं मी पत्र छापलं: आपल्याच माणसाच्या पोटावर पाय देणाऱ्याला समाजानं जाब विचारावा. नाव घातलं नाही. घालायची गरजच नव्हती.

पुढच्या बैठकीत फोरमननं ते मोठ्यानं वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "बघा! मी बोललो नव्हतो? आता छापूनच आलंय!"

त्याचाच अंदाज माझ्या कागदावरून फिरून त्याच्याकडे पुरावा होऊन आला होता. मी चहा ढवळत बसलो. त्या वर्षी हळदीकुंकवाला पुणेकराच्या घरी कुणी गेलं नाही. माझी बायकोही नाही. वर्षभरात तो खोर फक्कानला बंदरातली नोकरी धरून निघून गेला.

यादी वरून आली होती, आणि तिच्यातली तीन नावं त्यानं भांडून काढून घेतली होती. हे मला त्या तिघांपैकीच एकानं पुढं सांगितलं. तरी मी गप्प राहिलो. त्याच वर्षी वर्गात कॉफीघरांचा धडा आला तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, बट हाउ डिड दे नो द लेटर वॉज ट्रू?" मी म्हणालो, नेहमी कळत नसे. छापलेल्या बाजूला छापूनच उत्तर द्यावं लागे. ती खाली बसली.

निवृत्तीला महिना उरला तेव्हा मी खोर फक्कानला गेलो. पुणेकरानं दार उघडलं. मी उभ्यानंच सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "'जाब विचारावा' वगैरे लिहिणारा आपल्यात दुसरा होता कोण? बाकीच्यांना सुट्टीचा अर्ज धड लिहिता येत नाही. बसा."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "माझ्याकडे काय मागता, सर? मला खरं माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा."

मासिक अजून निघत होतं. मी पत्र लिहिलं, यादी वरून आल्याचं आणि त्यानं वाचवलेल्या तीन नावांचं सांगितलं, खाली माझं पूर्ण नाव घातलं. पण नुसतं छापून भागणार नव्हतं. खोटं ज्या टेबलावर वाचलं गेलं, तिथंच हेही वाचायला हवं होतं. शुक्रवारी मी उठून ते वाचलं. पुणेकर माझ्या आग्रहावरून आला होता, बायकोला घेऊन.

फोरमन म्हणाला, "म्हणजे ते तुमचं? अहो, मी तर छापलंय म्हणून खरं मानलं!" आणि पुणेकराकडे वळून, "ते तिघं कोण हो?"

"एक तू," तो म्हणाला.

कुणीतरी ओरडलं, "यल्ला, चला, आधी चहा मागवा!" खुर्च्या त्याच्याकडे सरकल्या, प्रश्न सुरू झाले. त्याची बायको हळदीकुंकवाला न आलेल्या दोन जणींना काहीतरी रागानं सांगत होती आणि त्या ऐकून घेत होत्या. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला भूक लागली. मी दोन पराठे मागवले आणि दोन्ही खाल्ले.