ड्रायव्हरअण्णांची झोप

मी मालकीण आहे हे कुंभकोणमच्या बसस्टँडवर सगळ्यांना मान्य होतं, एक माणूस सोडून. तो माणूस म्हणजे माझ्याच गाडीचा ड्रायव्हर. मी परकर नेसत होते तेव्हापासून ते आमच्या वडिलांच्या गाडीवर. शाळेला उशीर झाला की बॉनेटवर बसवून मला सोडायचे. वडील गेले आणि त्यांच्या तीन गाड्यांचा कारभार माझ्या गळ्यात पडला, ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शेडमधले बाकीचे मुकाट्याने 'अम्मा' म्हणायला लागले. हे मात्र भर स्टँडवर हाक मारायचे, 'पाप्पा!' पाप्पा म्हणजे आपली छकुली. या छकुलीचे कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते, पण सांगणार कोण? मी त्यांना अण्णा म्हणायचे आणि गप्प बसायचे.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही हो. घरी आमची तंजावरची जुनीपुराणी मराठी चालते, पुण्याचे पाहुणे ऐकतात आणि तोंडाला पदर लावतात. पण रागवायचं म्हटलं की मी तमिळमध्येच शिरते. त्या भाषेत राग कसा ऐसपैस मावतो. माझा आवाज स्टँडच्या या टोकाला सुरू झाला की त्या टोकाचा फुलवाला गजरे आवरायचा.

तर एका उन्हाळ्यात अण्णांची बायको वारली. मूलबाळ नव्हतं, भाऊ वेगळा राहायचा. दिवसकार्य झालं, आणि लगेच अण्णा खाकी चढवून हजर. मी म्हटलं, थोडी रजा घ्या. म्हणाले, "घरी बसून काय भिंती मोजू?" मला वाटलं, कामात मन रमेल. सगळ्यांनाच तसं वाटलं.

मग गमतीजमती सुरू झाल्या. आमची गाडी दारासुरम्, पापनाशमवरून तिरुक्करुगावूरला जायची. कंडक्टर शिट्टी मारायचा आणि अण्णा थांबायचेच नाहीत. दारासुरम्च्या एका रेशीमवाल्या विणकराला थेट पापनाशमला नेऊन उतरवलं. तो तिथे मेहुण्याकडे जेवला, झोपला, आणि संध्याकाळी माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "अम्मा, तक्रार नाही. पण मेहुण्याशी माझं बोलणं बंद होतं. आता त्याने पोरीच्या लग्नाला बोलावलंय. तुमच्या गाडीमुळे आहेर करावा लागणार." दुसऱ्या दिवशी त्याच थांब्यावर कुणी नसताना गाडी उभी, आणि अण्णा आरशात बघत बसलेले. लोक ओरडले तेव्हा कुठे निघाली.

दुसरा कुणी असता तर मी त्याला सोलून काढला असता. पण अण्णांवर सगळं गाव विरघळलेलं. "जाऊ दे गं, बायको गेलीय बिचाऱ्याची," असं माझी आई म्हणायची आणि डबा पाठवायची. डबा परत यायचा तो जसाच्या तसा. स्टँडवर तर उपायांचा बाजार भरला होता. एक म्हणाला, तिरुविडैमरुदूरच्या महादेवाला प्रदक्षिणा घाला. दुसरा म्हणाला, डोक्यावर तेल थापा. सोडावाल्याच्या मते सरळ दुसरं लग्न लावून द्यावं, आणि त्याची एक मावसबहीण होतीच. अण्णांना कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

शेवटी मीच एक दिवस न सांगता गाडीत चढले आणि मागच्या सीटवर बसले. पुढे बायकांच्या सीटवर दोघी गरोदर बायका होत्या. तिरुक्करुगावूरची देवी गर्भ राखते, म्हणून आमच्या गाडीला अशा प्रवासिणी नेहमीच. अण्णा त्यांना घेऊन इतके सांभाळून चालवायचे की दुसऱ्या कंपनीचे ड्रायव्हर आमच्या गाडीला पाळणा म्हणायचे.

गाडी सुटली. आमचा कंडक्टर म्हणजे पोट सुटलेला, विनोदी, सगळ्यांचा लाडका माणूस. मी बघते तर तिकिटं फाडायची सोडून हा बॉनेटला टेकून अण्णांच्या कानाशी उभा. आधी वाटलं, गप्पा मारतोय. मग नीट ऐकलं. "अण्णे, वळण. अण्णे, सायकल. पुढे शेळ्या, अण्णे. हां, आता सरळ." अगं बाई! माझी गाडी अण्णा चालवत नव्हतेच. कंडक्टरची जीभ चालवत होती.

मी उठून पुढे निघाले, तेवढ्यात रेल्वेचं फाटक आलं. बंद होतं. कंडक्टर नेमका एका बाईला सुट्टे द्यायला वळला होता. गाडी थांबायचं नाव घेईना. "गेट! अण्णे, गेट!" तो किंचाळला. ब्रेक लागला, सगळे पुढे आपटले, आणि गाडी फाटकाच्या दांड्याला नाक लावून उभी राहिली. पोटावर हात धरून पुढच्या दोघींतली एक पोरगी मुसमुसायला लागली. समोरून पॅसेंजर धडधडत गेली.

कंडक्टर घाम पुसत मला म्हणाला, "घाबरू नका अम्मा, मी असतो ना रोज."

रोज! त्याला तिथल्या तिथे काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पण त्याचाही दोष काय सांगू? त्याने मायेनेच झाकलं होतं, आणि त्या मायेने कुणाचा तरी जीव जाणार होता.

गाडी मागे घ्यायला लावून कडेच्या चिंचेखाली उभी केली, तेवढ्यात मागून दुसऱ्या कंपनीची गाडी आली. मी आमचे सगळे प्रवासी तिच्यात बसवले. त्यांचा कंडक्टर दात काढून म्हणाला, "काय अम्मा, पाळणा मोडला?" मी ऐकून घेतलं. आमच्या कंडक्टरला बदली ड्रायव्हर आणायला पाठवलं. गाडीत राहिलो अण्णा आणि मी, चिंचेच्या सावलीत.

"अण्णा, इंजिन बंद करा. इकडे माझ्या शेजारी येऊन बसा."

"मी मागच्या सीटवर कधी बसलेलो नाही, पाप्पा."

"मग आज बसा."

आले. बसले. म्हणाले, "ब्रेक लागला ना वेळेवर? मग झालं तर." माझ्या जिभेवर तमिळ उसळून आलं होतं. गिळलं. ओरडले असते तर त्यांनी मान खाली घातली असती, आणि मला काही कळलं नसतं.

"फाटक तुम्हाला दिसलं नाही," मी म्हटलं. "शिट्टी ऐकू येत नाही. डबा परत येतो. मी जे बघितलं तेच सांगतेय, अण्णा. तुम्हाला काय होतंय ते मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

अण्णांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "झोप नाही. डोळा लागतो तोच ती खोकते. मी उठतो, लोटीत पाणी घेतो, तिच्या चटईपाशी जातो. आणि मग आठवतं."

मला रडू आलं. आलं ते येऊ दिलं. पण विचारायचं होतं ते विचारलंच. "अण्णा, सरळ विचारते. मरून जावं असं वाटतं का?"

"गाडीत माणसं असताना कधीच नाही," ते लगेच म्हणाले. मग हळू आवाजात, "रिकामी गाडी शेडला आणताना, पुलावर... एखाद्या वेळी."

पुढे डॉक्टर मला म्हणाले, विचारलंत ते बरं केलंत. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसलं काही शिरत नाही, असलेलं बाहेर तरी येतं. पण त्या दुपारी मला हे कुठे ठाऊक होतं?

"आजपासून गाडी बंद," मी म्हटलं. "डॉक्टर सांगेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. रिकाम्या गाडीच्याही नाही."

"गाडी काढून घेतलीस तर उरलं काय माझ्याकडे? दुसरं येतं काय मला?"

"नोकरी काढत नाही. फक्त गाडी. उद्या मी तुमच्याबरोबर तंजावरच्या मोठ्या दवाखान्यात येते."

"कुणाला सांगू नको. शपथ घे."

"स्टँडवर चकार शब्द काढणार नाही. पण तुमच्या भावाला आजच सांगणार. आज तुम्ही एकटे राहणार नाही. तेवढं मी पोटात ठेवणार नाही, मग शपथ घाला नाहीतर माझ्या दाराशी रुसून बसा."

अण्णांनी खिशातली किल्ली काढून सीटवर ठेवली. "बरं, अम्मा," म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मला अम्मा म्हणाले. थोबाडीत बसल्यासारखं झालं. पण किल्ली मी उचलली.

रात्री भाऊ सोबतीला राहिला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अण्णा मान खाली घालून बसले, कुणी ओळखू नये म्हणून तोंडावर टॉवेल. आणि त्या बाकावरची अर्धी माणसं आमचेच प्रवासी! "अण्णे, तुम्हीपण?" एका म्हाताऱ्याने आनंदाने जागा करून दिली. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, दुःखाने धरलेला पण आजारच. गोळ्या दिल्या. या गोळ्यांनी गुंगी येते, मी सांगेपर्यंत गाडी नाही, असं बजावलं. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांना पढवून आणलं होतं.

मग मी त्यांना स्टँडवर टाइमकीपर केलं. गाड्या वेळेवर सोडायच्या, बस्स. पण अण्णांनी सूड उगवला. गाडी जरा रेंगाळली की ड्रायव्हरची कॉलर धरायचे. कॉफी प्यायला उतरलेल्याला पेल्यासकट हाकलायचे. बिचारे ड्रायव्हर माझ्याकडे येऊन गयावया करायचे, "अम्मा, त्यांना गाडी द्या नाहीतर आम्हाला सोडा."

रोज दिवेलागणीला ते आमच्या दारातही यायला लागले. बसायचे, बायकोबद्दल बोलायचे, गोळ्या कमी करू का विचारायचे. आधी मी ऐकलं. मग माझ्या लेकरांचा अभ्यास, नवऱ्याचं जेवण, सगळंच कोलमडायला लागलं, आणि मी चिडचिडी झाले. एक दिवस सांगून टाकलं, "अण्णा, दुपारची कॉफी स्टँडवर आपण दोघं घेऊ. तेव्हा हवं ते बोला, मी कुठे जाणार नाही. पण दिवा लागला की हे घर माझं. आणि गोळ्यांचं डॉक्टरांना विचारायचं, मी बसवाली आहे."

फुरंगटले. दोन दिवस कॉफीला आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि आल्या आल्या म्हणाले, "पाप्पा, इथली कॉफी पाणचट झालीय." मी हसले आणि मग हसता हसता डोळे पुसले.

पावसाळा सरला तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, गाडी चालवायला हरकत नाही. पहिले काही दिवस मीच पुढच्या सीटवर बसून गेले, आणि अण्णा आरशात बघून मला चिडवत राहिले. गाडी पुन्हा पाळण्यासारखी चालायला लागली. बायकोच्या वर्षश्राद्धापर्यंत सगळं सुरळीत होतं.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लागलेली, प्रवासी बसलेले, पुढच्या सीटवर बायका ओट्या घेऊन बसलेल्या. अण्णा इस्त्रीची खाकी घालून माझ्या टेबलासमोर उभे राहिले. कुणी ढकललं नव्हतं, कुणी पकडलं नव्हतं, आपणहून आले होते.

"आज मी गाडी काढत नाही," ते म्हणाले. "काल झोप लागली नाही. ती खोकत होती."

मला इतका आनंद झाला की मी उठून उभीच राहिले. बाहेर प्रवासी बोंबलायला लागले, उशीर झाला म्हणून. मी बदली ड्रायव्हरला हाक मारली.