वळसंगची पिशवी आणि एक शून्य

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले तेव्हा कॉम्प्युटर नीट येणारी तिथं मी एकटीच होते, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांत गावोगावच्या मातीच्या पिशव्या यायच्या. पिशवीवर शेतकऱ्याचं नाव लिहायची जुनी पद्धत मी आल्या आल्या बंद केली. गावाला एक क्रमांक, गावातल्या नमुन्याला एक क्रमांक, शीटमध्ये दोन्ही जोडले की झाला कोड. पिशवीवर फक्त कोडचं स्टिकर. करकंब १, वळसंग ११. सूत्र एवढंसं: =A2&B2.

आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "नाव राहू दे की पिशवीवर."

"आता नावाची गरजच नाही," मी म्हटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्या बैलालाही कोड दिला असता.

एका गुरुवारी वळसंगच्या एक मावशी रिपोर्ट घेऊन आल्या. सोमवारी त्यांच्याकडं लिंबाची रोपं यायची होती, खड्डे तयार होते. त्यांनी कागद माझ्यापुढं ठेवला.

"ह्यात चुना कमी लिवलाय. आमचं रान लई चुनखडीचं हाय. वल्या रानात चाललं की तळवं पांढरं हुत्यात."

"मावशी, मशीननं तपासलंय."

"व्हय, पन कुनाची माती तपासली?"

मला राग आला. चुनखडीत लिंबाची झाडं पिवळी पडतात हे मलाही ठाऊक होतं, पण माझी शीट चुकेल हे मनातही येईना. त्यांना दाखवायलाच मी त्यांचा कोड शोधला. १११२. शीटनं एका कोडला दोन ओळी पुढं केल्या.

करकंबचा १ आणि नमुना ११२: १११२. वळसंगचा ११ आणि नमुना १२: १११२. रिपोर्ट काढणारं सूत्र कोड शोधून वरून पहिली सापडलेली ओळ उचलायचं. करकंबची ओळ वर होती. म्हणजे मावशींच्या नावावर करकंबच्या मातीचा निकाल छापून गेला होता, आणि त्याच्या भरवशावर बाग उभी राहणार होती.

मॅडमनी मांडणीवरून १११२ च्या दोन्ही पिशव्या काढल्या. मावशींनी एकीत हात घातला, चिमूट चोळली, पिशवी बाजूला सारली. दुसरीत हात घातला आणि म्हणाल्या, "ही माजी." मॅडमनी दोन्हींतली चिमूटभर माती बशीत घेऊन वर पातळ आम्लाचे थेंब टाकले. पहिली गप्प बसली. मावशींची फसफसून वर आली. मावशी अशा हसल्या की मलाही हसू आलं, लाज वाटत असतानाच.

खालच्या ओळीतला खरा निकाल मी छापून दिला. चुना भरपूर. मावशींनी तिथूनच नर्सरीला फोन लावला आणि लिंबाऐवजी सीताफळाची रोपं सांगितली. मग चहा घेत त्या माझ्या शेजारीच बसल्या. "आता नीट कर," म्हणाल्या.

मी १ च्या जागी 01 टाइप केलं. एंटर दाबलं की शून्य गायब. मग सेलचा फॉरमॅट बदलला. सेलमध्ये 01 दिसायला लागलं, मी खूश, पण जोडलेला कोड तसाच. फॉरमॅटनं फक्त दिसणं बदलतं, आतला आकडा १ तो १ च राहतो, आणि जोडताना शीट आतलाच घेते. शेवटी डोक्यात प्रकाश पडला:

=TEXT(A2,"00")&"-"&TEXT(B2,"000")

गावाला दोन घरं, नमुन्याला तीन, मध्ये रेघ. करकंब 01-112, वळसंग 11-012. अशा आणखी चार जोड्या सापडल्या. त्यांचे रिपोर्ट अजून गेले नव्हते, तेवढं माझं नशीब. पिशव्यांवर नावंही परत आली, मॅडमना काही बोलावं लागलं नाही.

मावशींनी नवीन स्टिकर निरखलं. "ह्ये शून्य रिकामंच हाय की. कशाला ठिवलं?"

"जागा धरायला, मावशी. नाहीतर दुसरा येऊन बसतो."

त्यांना ते एकदम पटलं. एसटीत रुमाल टाकतात तसं, म्हणाल्या.

तीन वर्षांनी त्या पुन्हा आल्या. एका हातात सीताफळांची पिशवी, दुसऱ्या हातात पलीकडच्या पट्टीची माती. सीताफळं त्यांनी लगेच टेबलावर ठेवली. मातीच्या पिशवीवर मी नाव लिहिलं, स्टिकर लावलं आणि ती घ्यायला हात पुढं केला, तर त्या सोडेनात.

"आदी नंबर वाच."

"अकरा, सेहेचाळीस."

त्यांनी पिशवी छातीशी धरली. "शून्य कुटं गेलं?"

मी पुन्हा वाचलं. अकरा, शून्य, सेहेचाळीस. मग त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.