एक चमचा तेलाची कांदाभजी

लालबागच्या आमच्या मजल्यावर शेवंतीकाकूंच्या हातच्या चवीला तोड नाही, पण त्यांच्या बोलण्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. त्यांच्या सुनेने, अपेक्षाने, एअर फ्रायर आणला. काकूंनी त्यात उकडलेल्या कोथिंबीर वड्या तेलाचा नुसता हात फिरवून लावल्या आणि मधे एकदा उलटल्या. खमंग झाल्या. मग अपेक्षाने कांदाभजी मागितली. तीही कुरकुरीत आली. “चमचाभर तेल पुरलं,” काकू म्हणाल्या. अपेक्षाने लगेच ते मजल्याच्या ग्रुपवर टाकलं.

रविवारी मी भज्यांचं पीठ एअर फ्रायरच्या जाळीवर सोडलं. अर्धं भोकांतून खाली गळलं, उरलेलं जाळीलाच चिकटून वाळलं. तणतणत काकूंकडे गेले. अपेक्षा आंघोळीला गेली होती. मशीन रिकामंच घूं घूं करत होतं आणि शेजारी कढईत भजी तळली जात होती.

“पातळ पीठ त्यात टिकत नाही गं,” काकू झारा न थांबवता म्हणाल्या. “सारण घट्ट कर, रव्यात घोळव, वरून तेल लाव, कटलेट छान होतात. भजीचा नाद सोड.”

“आणि ते चमचाभर तेल?”

“पिठात घातलं ना, कडकडीत मोहन. कढईतलं मला कोणी विचारलंच नाही.”