प्रार्थनाच्या गाण्याचा तिसरा भाग

आमच्या कोल्हारला ख्रिस्ती वस्तीत कुणी गेलं की आधी दानीएलला निरोप जातो, मग शवपेटीवाल्याला. दानीएल म्हणजे माझे दाजी, लिडियाअक्काचे मालक. शाळेतून निवृत्त झालेले, अंगानं काडी, पण गळा असा की बस्. मेलेल्या माणसाचं गाणं तेच रचतात आणि पेटी मी वाजवतो. मी अँड्र्यू. तोंडाचा फटकळ आहे, हे वस्तीत कुणालाही विचारा.

त्या गाण्याची आमच्याकडं एक रीत आहे. पहिला भाग घरी, शवपेटीचं झाकण लावण्याआधी. त्यात फक्त रडायचं. माणसाला नावानं हाक मारायची, त्याच्या रोजच्या वस्तू, सवयी सांगायच्या. 'का' हा शब्द तिथं आणायचा नाही. दुसरा भाग कबरस्तानाच्या वाटेवर, चालता चालता, जरा चढ्या लयीत. तिथं देवाला जाब विचारायचा, बिनधास्त. गाणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, मागच्यांनी प्रश्नच परत म्हणायचा. आणि तिसरा भाग काही दिवसांनी, कबरीवर क्रूस उभा करताना. दिलाशाचा. तो पहिल्याच चालीत गायचा आणि पहिल्या भागातलीच एखादी गोष्ट त्यात परत यायला पाहिजे, बदललेली. तिसरा भाग झाल्याशिवाय क्रूस उभा राहत नाही.

दाजींनी अशी किती गाणी केली असतील, देव जाणे. आणि मग त्यांच्यावर स्वतःच्या लेकीचं गाणं करायची पाळी आली.

प्रार्थना नर्सिंग शिकत होती. सुट्टीला आली की गल्लीभर लोकांची मनगटं धरत फिरायची. मला म्हणायची, "मामा, रागाला आलात की तुमची नाडी बघण्यासारखी असते." संध्याकाळी स्कूटीवरून येत होती. सहादेवच्या वावरातल्या घरापुढं त्याची उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. पोर सरळ जाऊन धडकली.

दाजींना पहिल्या भागाचे शब्द सापडले.

*सगळ्या गल्लीची नाडी बघे लेक*
*आता ठोका एक येत नाही*

घरातली भिंतसुद्धा रडली असेल. वाटेवर दाजी जे बोलले ते ऐकून पाळकसाहेब खाली बघायला लागले.

*तुझ्याच गाण्याला गळा मी दिधला*
*तेव्हा कुठं गेला होतास तू*

आम्ही सगळ्यांनी ओरडून म्हटलं. मी तर पेटी गळ्यात अडकवून शिव्या दिल्यागत म्हटलं. फक्त अक्का गप्प होती. तिचे ओठ हलत नव्हते.

क्रूस उभा करायचा दिवस आला. मंडळीतले वडीलधारे दाजींच्या मागं लागलेले, उरका आता, किती दिवस कबर बिनक्रूसाची ठेवणार. दाजींकडं तिसरा भाग तयारच नव्हता. शेवटी त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. देवाच्या बागेत कळी गेली, असलं काहीतरी गायला लागले. दुसऱ्याच्या अंगरख्यासारखं, कुणालाही चालेल असं. दुसऱ्या ओळीला अक्का उठली आणि तिनं माझ्या पेटीचा भाता दाबून धरला.

"हे माज्या पोरीचं न्हाई," ती म्हणाली. "हे कुनाचंबी हाय. बंद करा."

क्रूस लिंबाला टेकवून आम्ही परत आलो.

त्यानंतरचे दिवस नको नको झाले. अक्कानं भाकरी सोडली. चहाचा घोट घ्यायची, तोही मी आरडाओरडा केल्यावर. सलाईन लावून आणलं तरी तसंच. डॉक्टर म्हणाले, हिला जगायचंच नाहीये तर मी काय करू? दाजी समोर बसून ओळ रचायचे आणि स्वतःच मोडायचे. एक दिवस ते मला म्हणाले, "अँड्र्यू, लेक गेली, आता ही चालली. आणि मला चार ओळी येत न्हाईत. मी कसला गाणारा?" असं म्हणून हमसून हमसून रडले.

मग त्यांनाच काहीतरी सुचलं. ते अक्कापुढं खाली बसले.

"लिडिया, वाटेवर तू माझा प्रश्न म्हटला न्हाईस. तो तुझा नव्हताच का?"

अक्कानं पुढ्यातला चहा बाजूला सारला. मग म्हणाली, "देव कुठं हुता ते तुमी इचारलं. मला त्याच्याशी काय करायचंय? ती एकटी हुती का? कुनी हात धरला हुता का तिचा? एवढं सांगा मला."

दाजी माझ्याकडं वळले. "बघ, चुकलं कुठं ते. दुसरा भाग अर्धाच झाला. जो प्रश्न विचारलाच न्हाई, त्याचा दिलासा आणणार कुठनं?" त्यांनी तिथंच तो प्रश्न रचला, आणि अक्का पहिल्यांदा त्यांच्याबरोबर पुटपुटली.

*शेवटी लेकीचा हात कुणा हाती*
*का नुसती माती हातामंदी*

आता उत्तर कुणाकडं असणार? सहादेवच्याच घरी. मी साफ सांगितलं, "त्या दारात मी पाय ठेवणार नाही." केस चालू होती, ते घर आमच्याकडं एकदाही फिरकलं नव्हतं. अक्का भिंतीला धरून उठली आणि चालायला लागली. मग काय, गेलो मागोमाग.

सहादेव आम्हाला बघून गोठ्याकडं सटकला. त्याची बायको छबूबाई उंबऱ्यात उभी राहिली, पदर तोंडात कोंबून. अक्कानं विचारलं तसं ती खालीच बसली.

"म्या भ्याले म्हनून आले न्हाई, बाई. कोनत्या तोंडानं येऊ? आवाज आला तशी पळत गेले. डोकं मांडीवर घेतलं. मला कापरं भरलेलं. तर तिनंच माजं मनगट धरलं. म्हनली, मावशी, तुमची नाडी लई पळती, घाबरू नका. मोजतच हुती बघा. दवाखान्याची गाडी येईस्तवर सोडलं न्हाई तिनं. मग बोटं सैल पडली."

अक्कानं तिचं मनगट हातात घेतलं. आणि जी रडली! इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं.

क्रूस उभा करायला परत गेलो. दाजींनी मला ओळी ऐकवल्या आणि मी भडकलो. "त्या घराचं नाव आपल्या पोरीच्या कबरीवर? मी नाही वाजवणार, जा!" पेटीचं झाकण लावलं. माझा राग अजून गेलेला नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

छबूबाई तारेच्या कुंपणाबाहेर उभी होती. अक्का गेली, तिला हाताला धरून आत घेऊन आली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"पेटी उघड, अँड्र्या."

उघडली. दाजींनी पहिलीच चाल धरली.

*माती नव्हे बाई, हात होता हाती*
*छबूबाई होती तिच्यापाशी*

*छबूमावशीची नाडी बघे लेक*
*ठोका एक एक मोजिताना*

मागं म्हणणाऱ्यांत अक्काचा आवाज सगळ्यांच्या वर होता. दोघातिघांनी क्रूस उभा केला, छबूबाईनं माती लोटली. घरी आल्यावर अक्का चुलीपाशी गेली आणि म्हणाली, "अँड्र्या, पीठ कुठं ठिवलंय?"