फक्त लोगो

नोकरी सोडून डिझाइनचं स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा माझी गिऱ्हाइकं म्हणजे भाईंदर पूर्वेचे स्टीलची भांडी बनवणारे कारखानदार. त्यांचे लोगो, खोके, कॅटलॉग सगळं मीच करायचे. चकचकीत डब्याच्या फोटोत फोटोग्राफर दिसू नये म्हणून काय करायचं, तेही शिकले होते.

गोडदेवचे छपाईवाले काका म्हणायचे, “भांडीवाल्यांनाच धरून राहा. लोगो माणूस एकदाच करतो.” पण मला जन्मभर डब्या-पातेल्यांत अडकायचं नव्हतं. मी कार्डावर छापून घेतलं: फक्त लोगो, कुठल्याही धंद्यासाठी.

मग दातांचे डॉक्टर आले, मिठाईवाले आले, पार्लरवाली आली. प्रत्येकाचा धंदा पहिल्यापासून समजून घ्यायचा, आणि तो समजेपर्यंत काम संपलेलं असायचं. परत कोणी आलं नाही.

परवा काकांच्या मशीनवर माझ्या पहिल्या भांडीवाल्या शेठचा नवा कॅटलॉग छापला जात होता. पहिल्याच पानावरच्या डब्यात फोटोग्राफर स्पष्ट दिसत होता. न राहवून मी शेठना फोन केला.

ते आपुलकीनेच म्हणाले, “आप तो सिर्फ लोगो करते हो ना? वो तो अभी भी आपवाला ही चल रहा है.”