भाव पडला तर कोणाचा?

चिखल्याच्या मँगनीज खाणीत नव्यानं लागलेल्या पोरांना महिन्याकाठी शंभर रुपये गुंतवायला लावायचे, एवढंच माझं काम होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी म्युच्युअल फंडाचा एजंट होतो आणि भंडाऱ्याच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं: या पगाराला चिखल्यातून एकही गिऱ्हाईक आलं नाही, तर एजन्सी माझ्या मेव्हण्याला. मेव्हण्यानं सायकलला पिशवी अडकवून तयारीही ठेवली होती.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वसाहतीतल्या क्रीडा मंडळाच्या खोलीत मला फळा मिळाला. कॅरमवाले उठायला तयार नव्हते, तेव्हा तेच माझे श्रोते झाले. सगळे धानवाल्या घरांतले. समोरच दिघोरीचा एक पोरगा बसला होता, टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून म्हणून लागलेला.

मी खडू उंच धरला, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "चक्रवाढ!"

कारकून उठला आणि चपला शोधू लागला.

"काहून गा? कुठी चालला?"

"राहू द्या, भाऊ. सवाईचं धान आमच्या घरी येऊन गेलं आहे. मले माहीत आहे चक्रवाढ."

चूक माझी होती. सवाई म्हणजे वीस कुडव धान आणायचं आणि सुगीला पंचवीस परत करायचं. नाही जमलं, तर पुढच्या वर्षी सवाई वीसवर नाही, पंचवीसवर, म्हणजे सव्वाएकतीस. माझ्या पुढ्यातल्या प्रत्येकानं हा हिशेब फेडणाऱ्याच्या बाजूनंच ऐकला होता.

"अरे, पण इथं तू फेडणारा कुठं आहे?" मी म्हणालो. "इथं वाढ तुझ्या खात्यावर चढते, आणि त्या वाढीवर पुढची वाढ. फक्त मधात काढायची नाही. फरक इतकाच, की इथं सवाई ठरलेली नाही. कधी वाढ, कधी घट."

"म्हणजे सावकार मी?"

"तूच."

"राम राम, सावकार!" कॅरमवाल्यांनी एका सुरात म्हटलं. सावकार खाली बसला.

मग मी फळ्यावर मांडलं. दर महिन्याला शंभर रुपये, त्या दिवशीच्या भावानं फंडाचे जेवढे युनिट, म्हणजे हिस्से, येतील तेवढे घ्यायचे:

महिना | भाव (रु.) | युनिट
पहिला | १० | १०
दुसरा | ८ | १२.५
तिसरा | ५ | २०
चौथा | ८ | १२.५
पाचवा | १० | १०
एकूण घातले ५०० रु. | | ६५

तिसऱ्या ओळीला खोलीत हळहळ झाली. "अरे बापा! भाव पडला!" कोणाच्या तरी घरी मयत झाल्यासारखा आवाज. धान विकणाऱ्यांच्या घरात पडलेला भाव असाच ऐकतात.

"थांबा," मी म्हणालो. "तुमी इकून राहिले का घेऊन राहिले?"

मग कारकून सावकाश म्हणाला, "घेऊन राहिलो."

"मंग रडून काहून राहिले? पाच रुपयाच्या महिन्यात वीस आले. शेवटी पासष्ट युनिट, भाव दहा. साडेसहाशे. भाव होता तिथंच आला, तुमचे मात्र दीडशे वर."

टाळ्या पडल्या. मी किंचित वाकलोही. तेवढ्यात सावकारानं बोट वर केलं.

"आन् भाव पाचवरच बसला तं?"

मेव्हण्यानं इथं खडू खिशात घातला असता. माझाही हात खिशापर्यंत गेला. पण तो पोरगा फळ्याकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. चौथ्या आणि पाचव्या महिन्याचा भाव मी पुसला आणि पाच लिहिला. प्रत्येकी वीस युनिट, एकूण साडेब्याऐंशी. पाचच्या भावानं चारशे साडेबारा.

"साडेसत्याऐंशी रुपये बुडाले," मी जाहीर केलं, लग्नाचा मुहूर्त सांगावा तसं. "म्हणून पाच महिन्यांसाठी कोणी येऊ नये. पाच-दहा वर्षं हात लावायचा नसेल, त्यानंच यावं. तरीबी हमी नाही."

कॅरम पुन्हा सुरू झाला. मेव्हणा सायकलवर बसलेला मला स्पष्ट दिसला.

"पन्नास लिहा," कारकून म्हणाला.

"शंभर सांगितले ना मी?"

"पन्नास तुमच्याकडं. पन्नास पोस्टात, आवर्ती खात्यात. तिथं भाव नाई पडत."

"सावकार, सही नीट करजा!" मागून आवाज आला.

भंडाऱ्याला साहेबांनी तो अर्ज उलटासुलटा करून पाहिला. "एकच?" "एकच." "पन्नास?" "पन्नास." एजन्सी राहिली.

दोन-तीन महिन्यांत भाव खरंच घसरला. चिखल्याच्या स्टॉपवर कारकून दिसला, तेव्हा मी बसच्या खिडकीतून मान आत घेतली. त्यानं ती शोधून काढलीच.

"भाऊ, पडला म्हणतात!"

"हो गा," मी अगदी बारीक आवाजात म्हणालो.

"पगारापर्यंत वर नको जाऊ देजा!"